आत्मा नाही, मग पुनर्जन्म कोणाचा?

साती नावाचा एक भिक्खू होता. कोळ्याचा मुलगा. त्याच्या डोक्यात एक मत पक्कं बसलं होतं. या जन्मातून त्या जन्मात जे धावत जातं, भटकत राहतं ते आपलं विञ्ञाण, म्हणजे जाणीव. आणि ती जाणीव कितीही जन्म झाले तरी तीच राहते. बुद्धांनी हेच शिकवलंय अशी त्याची खात्री होती. सोबतच्या भिक्खूंनी त्याला समजावलं, उलटसुलट प्रश्न विचारले, पण गडी हटेना. शेवटी गोष्ट बुद्धांच्या कानावर गेली. त्यांनी सातीला बोलावून घेतलं. हा सगळा प्रसंग श्रावस्तीच्या जेतवनात घडला आणि मज्झिम निकाय या बुद्धांच्या पाली प्रवचनांच्या संग्रहातल्या ३८ व्या सुत्तात, म्हणजे प्रवचनात, तो नोंदलेला आहे.

बुद्धांनी विचारलं, तू म्हणतोस ते विञ्ञाण म्हणजे नेमकं काय? सातीचं उत्तर असं होतं: जो बोलतो, जो अनुभवतो आणि बऱ्यावाईट कर्मांची फळं इथेतिथे भोगतो, तोच. यावर बुद्धांनी त्याला चक्क 'मूर्ख माणसा' म्हणून फटकारलं आणि हे मी कधी कोणाला शिकवलं, असा सवाल केला. विञ्ञाण कारणांवाचून उपजत नाही, हे तर मी नाना परींनी सांगत आलोय, असं ते म्हणाले. साती मान खाली घालून बसला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

पुनर्जन्म म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते हुबेहूब सातीचंच असतं. गीतेतला जीर्ण वस्त्रांचा श्लोक अनेकांना पाठ असतो: कपडे बदलतात, नेसणारा तोच. हे चित्र मनात धरून बौद्ध विचाराकडे वळलं की गोंधळ होणारच. नेसणारा कोणी नाही असं एकीकडे सांगायचं आणि दुसरीकडे कपडे बदलले जातात असंही म्हणायचं, हे कसं जमावं? म्हणून कोणी ठरवतो की बुद्धांनी पुनर्जन्म लोकांची समजूत म्हणून तसाच राहू दिला असेल, कोणी ठरवतो की आत्म्याचा नकार त्यांनी मनापासून केला नसेल. मला यातलं एकही पटत नाही. सुत्तं नीट वाचली तर दोन्ही गोष्टी एकाच विचारातून आलेल्या दिसतात. खरी अडचणही त्या विचारात आहेच, फक्त ती आपण शोधतो तिथे नाही.

आधी नाकारलंय काय ते पाहू. सारनाथला पाच भिक्खूंना दिलेल्या दुसऱ्या प्रवचनात बुद्धांनी माणसाचे पाच भाग घेतले: रूप म्हणजे शरीर, वेदना म्हणजे सुखदुःखाची संवेदना, संज्ञा म्हणजे ओळख पटणं, संस्कार म्हणजे इच्छा, सवयी, मनाचे कल आणि शेवटी विञ्ञाण. प्रत्येकाबद्दल त्यांनी एकच युक्तिवाद केला. हे शरीर 'मी' असतं तर ते माझ्या शब्दात राहिलं असतं. माझं शरीर असं असो, तसं नसो, एवढं म्हणून भागलं असतं. पण तसं होत नाही. शरीर आजारी पडतं, म्हातारं होतं. वेदनाही सांगून येत नाहीत की सांगून जात नाहीत. विचारांचंही तेच. मग जे अनित्य आहे, ज्यावर आपला ताबा नाही, त्याला 'हे माझं, हा मी, हा माझा आत्मा' म्हणणं योग्य आहे का?

या प्रवचनात 'माणूसच नाही' असं कुठेही म्हटलेलं नाही. चालणारा, बोलणारा, कर्ज घेणारा, शब्द पाळणारा माणूस बुद्धांना मान्य आहे. त्या माणसात शोध घेतला तर कायम टिकणारा, न बदलणारा, सगळ्यावर हुकूम चालवणारा कोणी मालक सापडत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. सापडतात त्या एकमेकांच्या आधाराने घडत जाणाऱ्या घटना.

आता सातीला दिलेलं उत्तर. डोळा आणि दृश्य यांच्या आधाराने जी जाणीव उपजते ती डोळ्याची जाणीव, कान आणि आवाज यांच्या आधाराने उपजते ती कानाची, आणि याच प्रकारे नाक, जीभ, त्वचा, मन. इथे बुद्धांनी आगीचा दाखला दिला. लाकडावर पेटली तर लाकडाची आग, गवतावर पेटली तर गवताची, शेणावर पेटली तर शेणाची. या सगळ्यांतून फिरणारी, कशावरही न जळणारी अशी 'नुसती आग' कुठे नसते. जळण आहे तोवर आग आहे. तिला जळणापासून वेगळं काढून दुसरीकडे नेऊन ठेवता येत नाही. तरीही आग पसरते, हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. बुद्धांनी आणि त्यांच्यानंतरच्या आचार्यांनी हा आगीचा दाखला पुन्हा पुन्हा वापरला. पुढची वाट आपणही त्याच्याच उजेडात चालू.

ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजे आपला मिलिंद, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करत होता. त्याची राजधानी सागल. भिक्खू नागसेनाशी त्याच्या झालेल्या प्रश्नोत्तरांचा 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात असे संवाद किती झाले ते बाजूला ठेवू. ग्रंथातला राजा मात्र मोठा चिवट आहे आणि आपल्या मनात येईल ती प्रत्येक शंका तो आधीच विचारून मोकळा होतो. त्याने विचारलं: जो जन्माला येतो, तो मेला तोच असतो की दुसरा?

नागसेनाचं उत्तर आहे, 'तोही नाही आणि दुसराही नाही.' ऐकायला ही पळवाट वाटते. पण मग तो राजालाच विचारतो: तुम्ही तान्हे होता, पाठीवर निजलेले, तोच हा मोठा झालेला राजा का? राजा म्हणतो, नाही, ते तान्हं बाळ वेगळं, मी वेगळा. यावर नागसेन म्हणतो, तसं असेल तर तुम्हाला आई नाही, बाप नाही, गुरू नाही; शिकला तो एक आणि विद्वान झाला तो दुसरा; गुन्हा केला एकाने आणि हातपाय तुटले दुसऱ्याचे! मग 'तोच' म्हणावं, तर त्या बाळातलं काहीही आता जसंच्या तसं उरलेलं नाही. पुढे तो दिवा घेतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? नाही. मग रात्रभर वेगवेगळे दिवे जळत होते का? तसंही नाही. दिवा एकच, त्याच्याच आधाराने ज्योत रात्रभर जळत राहिली.

या उत्तरात मृत्यू अजून आलेलाच नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. 'तोच की दुसरा' हा प्रश्न दोन जन्मांबद्दल जितका अवघड आहे, तितकाच तो बालपण आणि म्हातारपणाबद्दल, कालच्या आणि आजच्या माणसाबद्दलही आहे. काल आणि आज जोडायला आपल्याला न बदलणारा मालक लागला नाही. आधीच्या क्षणातून पुढचा क्षण उपजला, त्याने आधीच्याचं वळण घेतलं, तेवढ्यावर काम भागलं. मग मृत्यूपाशी येऊन तो मालक अचानक का लागावा? बौद्ध विचाराची ही मुख्य खेळी आहे.

मिलिंद मात्र एवढ्यावर गप्प बसणारा नाही. तो जबाबदारीचा मुद्दा काढतो. पुढच्या जन्मी येणारं नामरूप, म्हणजे मन आणि शरीर, जर वेगळं असेल, तर माणूस आपल्या पापांतून सुटलाच की! यावर नागसेन खटल्यासारखी एक गोष्ट सांगतो. एक माणूस दिवा घेऊन घराच्या वरच्या मजल्यावर जेवायला बसला. दिव्याने छपराचं गवत पेटलं, गवताने घर पेटलं, घराने सगळं गाव. गावकऱ्यांनी त्याला पकडून जाब विचारला. तो म्हणतो, मी गाव जाळलं नाही. मी ज्या दिव्याच्या उजेडात जेवलो ती आग वेगळी आणि गाव जाळणारी आग वेगळी. महाराज, हे भांडण तुमच्यापुढे आलं तर निवाडा कोणाच्या बाजूने द्याल? गावकऱ्यांच्या, राजा म्हणतो. का? तो काहीही म्हणो, ही आग त्याच आगीतून उपजली.

या माणसाचा बचाव तपासून पाहावा असा आहे, कारण त्याचं वाक्य खोटं नाही. दिव्याची ज्योत तेलावर जळत होती, गावातली आग लाकडावर आणि गवतावर. ज्योतीतला एकही कण गावाच्या वेशीपर्यंत गेला नसेल. आकार वेगळा, जागा वेगळी, जळण वेगळं. तरी तो सुटत नाही. निवाडा देताना राजाने दोन आगींमध्ये काही समान शिल्लक आहे का, हे पाहिलं नाही. एकीतून दुसरी उपजली का, एवढंच पाहिलं. शेजारच्या गावात त्याच रात्री दुसऱ्या कोणाच्या चुलीतून आग लागली असती, तर ती हुबेहूब अशीच दिसली असती, पण तिचा दोष या माणसावर आला नसता. 'तोही नाही आणि दुसराही नाही' याचा अर्थ इथे उघड होतो. वस्तू म्हणून ती तीच नाही. पण कारणांच्या साखळीने जोडलेली असल्यामुळे ती परकीही नाही.

एक प्रश्न उलट बाजूनेही विचारायला हवा. न बदलणारा आत्मा मानला तर पुनर्जन्म सोपा होतो का? समजा एखाद्याने आयुष्यभर राग जोपासला. त्या रागाचा आत्म्यावर ठसा उमटला म्हणावं, तर आत्मा बदलला. तो न बदलणारा राहिला नाही. ठसा उमटला नाही म्हणावं, तर ते कर्म पुढे नेलं कोणी? दुसरंच काहीतरी ते वाहून नेत असणार: सवयी, ओढ, मनाला लागलेलं वळण. मग ओझं सगळं या बदलत्या गोष्टीच वाहत असतील तर आत्म्याकडे काम काय उरतं? आत्मवादी दर्शनांकडे याची आपली उत्तरं आहेत, सूक्ष्म शरीर वगैरे. पण वाहून नेण्याचं काम बदलत्या गोष्टींकडेच सोपवावं लागतं, हे त्या उत्तरांतूनही दिसतं.

कस्सप नावाच्या नग्न साधूने राजगृहात भिक्षेला निघालेल्या बुद्धांना वाटेतच अडवून हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता: दुःख आपलं आपणच निर्माण केलेलं असतं की दुसऱ्याने? बुद्धांनी दोन्ही पर्याय नाकारले. जो करतो तोच भोगतो म्हटलं की माणूस शाश्वतवादात, म्हणजे कायम टिकणाऱ्या आत्म्याच्या मतात जातो; करतो एक आणि भोगतो दुसरा म्हटलं की उच्छेदवादात, म्हणजे मृत्यूसोबत सगळं संपतं या मतात. ही दोन्ही टोकं टाळून ते मधला रस्ता सांगतात आणि तो म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद: हे असलं की ते होतं, हे थांबलं की ते थांबतं.

इथवर सगळं नीट जुळतं. आता खरी अडचण.

दिव्यापासून गवत पेटलं कारण ज्योत गवताला भिडली. काल आणि आज यांच्यामध्ये निदान एक चालतं शरीर असतं. मृत्यूनंतर एक शरीर इथे थंड पडलंय आणि दुसरं कुठेतरी आकार घेतंय. मधली जागा कशाने भरायची? वच्छगोत्त नावाच्या फिरत्या परिव्राजकाने जवळपास हेच विचारलं होतं आणि संयुत्त निकायात त्याला मिळालेलं उत्तर आहे. बुद्ध म्हणतात, आग जळणावरच जळते. वच्छ विचारतो, मग वाऱ्याने उडालेली ज्वाळा दूर जाते तेव्हा तिचं जळण काय? वारा. आणि जीव हे शरीर टाकतो व दुसऱ्या शरीरात अजून उपजलेला नसतो, तेव्हा त्याचं जळण काय? तृष्णा.

हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. पुढे काय जातं, याऐवजी कशाच्या जोरावर चालू राहतं, ते इथे सांगितलंय. हवंहवंसं वाटणं, असण्याची ओढ, हेच इंधन. पण यातून यंत्रणा कळते का? नाही. तृष्णा हे जळण मानलं तरी ती शरीरावाचून त्या अवधीत कशी टिकते, हा प्रश्न उभाच राहतो. त्यात दीघ निकायाच्या महानिदान सुत्तात बुद्ध आपल्या आनंद नावाच्या शिष्याला विचारतात की विञ्ञाण आईच्या उदरात उतरलंच नाही तर तिथे नामरूप आकार घेईल का? 'उतरलं' हे क्रियापद वाचलं की बिचाऱ्या सातीची थोडी कीव येते. अशी वाक्यं ऐकूनच तर त्याची समजूत झाली असेल. फरक इतकाच की महानिदानातच पुढे विञ्ञाणालाही नामरूपाचा आधार लागतो असं सांगितलंय. दोन्ही एकमेकांना टेकून उभी आहेत, एकटं कोणीच उभं राहत नाही.

ही मधली जागा भरण्यासाठी नंतरच्या बौद्ध संप्रदायांनी शतकानुशतकं वाद घातले. थेरवादी आचार्यांनी मध्ये अंतरच ठेवलं नाही. मरणाऱ्याचं शेवटचं चित्त, ते च्युतिचित्त, मावळलं की लगेच पुढच्या क्षणी नव्या जन्माचं पहिलं चित्त, प्रतिसंधिचित्त, उपजतं. पहिलं दुसऱ्याला कारण होतं, पण त्यात शिरत नाही. सर्वास्तिवाद्यांना हे पटलं नाही. त्यांनी दोन जन्मांच्या मध्ये अंतराभव नावाची अवस्था मानली. ती किती काळ टिकते यावर त्यांच्यात मतभेद होते; त्यातलं सात आठवड्यांचं, म्हणजे ४९ दिवसांचं मत पुढे तिबेटी परंपरेत रुजलं. योगाचार पंथाने सगळ्या कर्मबीजांचं कोठार म्हणून आलयविज्ञान मांडलं. आणि पुद्गलवादी म्हणवणाऱ्या बौद्धांनी तर सरळ सांगितलं की माणसाच्या त्या पाच भागांहून, म्हणजे स्कंधांहून वेगळा नाही आणि त्यांच्याशी एकरूपही नाही, असा एक 'पुद्गल', म्हणजे व्यक्ती, मानल्यावाचून गत्यंतर नाही. बाकीच्यांनी त्यांच्यावर मागच्या दाराने आत्मा आत आणल्याचा आरोप केला. थेरवादी अभिधम्मातल्या 'कथावत्थु' ग्रंथाची सुरुवातच या पुद्गलाच्या खंडनाने होते. तरी हे लोक काही मूठभर नव्हते. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगला त्यांचे मोठमोठे विहार दिसले होते. 'हे पचायला जड आहे' ही भावना खुद्द भिक्खूंमध्येही किती खोल होती, ते यावरून कळतं.

एखादं स्पष्टीकरण सातीच्या वाटेने निघालंय का, हे ओळखायची साधी खूण आहे. त्यात अशी एखादी गोष्ट आहे का, जी कारणांवाचून राहते आणि प्रवासात बदलत नाही? असेल तर तिला विञ्ञाण म्हणा, ऊर्जा म्हणा, चेतना म्हणा, नाव बदललं तरी तो आत्माच. आलयविज्ञानाच्या समर्थकांनी म्हणूनच ते कोठार पाण्याच्या लोंढ्यासारखं क्षणोक्षणी बदलतं, असं आवर्जून बजावलं.

निर्वाणाच्या बाबतीत ही खूण आणखी उपयोगी पडते. वच्छगोत्ताने आणखी एकदा विचारलं, मुक्त झालेला भिक्खू मेल्यावर कुठे उपजतो? उपजतो म्हणणं लागू पडत नाही, उपजत नाही म्हणणंही लागू पडत नाही, हे ऐकून तो पुरता गोंधळला. बुद्धांनी विचारलं, तुझ्यासमोरची आग विझली तर ती पूर्वेला गेली की पश्चिमेला, उत्तरेला की दक्षिणेला? वच्छ म्हणाला, हा प्रश्नच बसत नाही. जळण संपलं, नवं पडलं नाही, म्हणून ती विझली. आत एखादा मालक बसलेला असता तर निर्वाण म्हणजे एकतर त्याचं कायमचं घर ठरलं असतं किंवा त्याची हत्या. जळणावर चालणारी प्रक्रिया असेल तर ती जळणाअभावी थांबते, इतकंच.

आधुनिक काळात हा पेच सगळ्यात स्पष्ट शब्दांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी विचारलंय: आत्मा नाही तर कर्म कसं आणि पुनर्जन्म कसा? पुढे ते प्रश्नाचे दोन तुकडे करतात, पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा. पहिल्याचं उत्तर ते पृथ्वी, आप, तेज, वायू या घटकांमध्ये शोधतात. मेल्यावर हे घटक विश्वातल्या आपापल्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा एकत्र आले की नवा जन्म होतो. मात्र ते सगळे एकाच मृत माणसाचे असतील असं नाही. म्हणून 'तोच माणूस पुन्हा जन्मला' हे त्यांच्या मते जवळजवळ अशक्य. थेरवादी भिक्खूंना ही मांडणी मान्य होत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने साखळी मनाची आहे, घटकांची नव्हे. आंबेडकरांच्या बाजूने पाहिलं तर मृत्यूनंतर मनाची साखळी कशावर टिकते, याचं कोणालाही तपासता येईल असं उत्तर थेरवादाकडेही नाही.

आंबेडकरांच्या विरोधाला आणखी एक धार होती. आजच्या गरिबीला मागच्या जन्माचं पाप कारण धरलं की समाज आणि सरकार जबाबदारीतून सुटतात, हे त्यांनी रोखठोक लिहिलं. या मुद्द्यावर पाली सुत्तं त्यांच्या बाजूला येऊन उभी राहतात. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारलं होतं, माणसाला होणारं सगळं सुखदुःख मागच्या कर्माचं फळ असतं, असं काही श्रमण म्हणतात, तुमचं काय म्हणणं? बुद्धांनी आठ कारणं मोजली: पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूंचा बदल, स्वतःची हेळसांड, दुसऱ्याने केलेला हल्ला आणि आठवं कर्माचं फळ. सगळ्याचा दोष मागच्या कर्मावर टाकणारे लोक स्वतःला कळणाऱ्या आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टींच्याही पलीकडे धावत सुटतात, म्हणून त्यांचं म्हणणं चूक आहे, असं त्यांनी सीवकाला सांगितलं.